बँकेच्या नोकरीसाठी रेझ्युमे : पिग्मीचे काम कागदावर कसे मांडायचे

कोल्हापुरातून बँकेच्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या आपल्या मुलामुलींचे रेझ्युमे वाचायला घेतले की पहिल्या अर्ध्या पानावर बहुतेक वेळा एकच मजकूर सापडतो. उत्तम संवादकौशल्य, ग्राहक हाताळण्याची क्षमता, बँकिंग सॉफ्टवेअरचे ज्ञान, मेहनती व प्रामाणिक. बोलायला बसल्यावर कळते की यांतला एकजण रोज सत्तर दुकाने फिरून पिग्मी गोळा करतो. दुसरी गेली चार वर्षे जयंती समितीची वर्गणी आणि पावतीपुस्तके सांभाळते. रेझ्युमेत मात्र याचा उल्लेख नसतो. का, असे विचारले तर उत्तर येते, "ते काय बँकेतलं काम नव्हे."

आमच्या मते खरी चूक इथेच होते. म्हणून या लेखात आम्ही रेझ्युमेचे सगळे प्रकार घेणार नाही. पतसंस्थेचा पिग्मी एजंट असलेला एकच उमेदवार घेऊ आणि त्याचा कागद ओळीओळीने दुरुस्त करू. पतसंस्थेत लिपिक, बँकमित्र किंवा सेवा केंद्रावर काम करणाऱ्यांना त्यातून आपापले काढून घेता येईल.

त्याआधी हा कागद नेमका कुठे लागतो ते पाहू. सरकारी बँकांच्या लिपिक पदासाठी आयबीपीएस पूर्व आणि मुख्य परीक्षा घेते. मुलाखत नसते, त्यामुळे रेझ्युमे कोणी वाचत नाही. तिथे गुण, कागदपत्रे आणि स्थानिक भाषेची चाचणी यांवर काम होते, आणि मराठी आपली असल्याने त्या चाचणीची फारशी धास्ती नको. प्रोबेशनरी ऑफिसर पदाला मात्र शंभर गुणांची मुलाखत आहे. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० टक्के वजन मिळते, आणि अनुसूचित जातीच्या उमेदवाराला मुलाखतीत किमान ३५ टक्के गुण लागतात. शिक्षण, अनुभव, छंद, घरची माहिती हे जे तुम्ही अर्जात भरता, त्यावरूनच प्रश्न निघतात. म्हणजे अर्ज भरणे हेही रेझ्युमे लिहिण्यासारखेच आहे. खाजगी बँका आणि नागरी सहकारी बँका या ठिकाणी मात्र रेझ्युमे हाच पहिला दरवाजा असतो. कोल्हापुरात अशी दारे कमी नाहीत. आज देशभर पसरलेल्या आरबीएल बँकेची सुरुवात १९४३ साली याच शहरात रत्नाकर बँक म्हणून झाली होती, आणि नागरी बँकांची परंपरा तर इथे जुनीच आहे.

आता आपला उमेदवार. समजा, तो सिद्धार्थनगरात राहतो, वय २४, शिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम., एमएस-सीआयटी झालेले. एका पतसंस्थेसाठी तो तीन वर्षे राजारामपुरी आणि लक्ष्मीपुरी भागात पिग्मी गोळा करतो. त्याच्या रेझ्युमेत अनुभवाची एकच ओळ आहे : "बँकेत तीन वर्षे कलेक्शनचा अनुभव."

या ओळीतला पहिलाच शब्द चुकीचा आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे नसतो आणि बँकेतल्या ठेवीला असते तसे पाच लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण तिच्या ठेवींना मिळत नाही. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक तोंडपाठ असतो. 'बँकेत' असे लिहिले की त्याचा पहिला प्रश्न येतो, "कोणती बँक?" तिथे उत्तर देताना उमेदवाराचा आवाज खाली जातो, आणि पुढची दहा मिनिटे तो खालीच राहतो. उलट 'पतसंस्था' असे सरळ लिहिणाऱ्याला तोच अधिकारी विचारतो, "पतसंस्था आणि बँक यांत फरक काय?" वर लिहिलेली तीन वाक्ये नीट सांगता आली तर मुलाखतीची सुरुवात तुमच्या बाजूने झाली असे समजा.

'कलेक्शन' या एका शब्दात त्याचे सगळे काम झाकले गेले आहे. ते काम दिवसभर कसे चालते ते आधी मांडू, म्हणजे त्यातून ओळी निघतील. सकाळी शाखेतून किंवा मोबाईलच्या अ‍ॅपवर खातेदारांची यादी मशीनमध्ये उतरवून घ्यायची. दुकानदाराने पैसे दिले की खाते निवडून रक्कम टाकायची आणि पावती छापून हातात द्यायची. सत्तर दुकाने आणि सरासरी दीडशे रुपये धरले तर दिवसाला साधारण १०,५०० रुपये होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर २,७३,००० रुपये. संध्याकाळी शाखेत येऊन मशीनमधला डेटा शाखेच्या संगणकावर चढवायचा, रोकड मोजून रोखपालाकडे भरायची आणि मशीनची बेरीज व रोकड यांचा मेळ घालायचा. मेळ बसेपर्यंत घरी जाता येत नाही.

बँकेच्या काउंटरवर बसणारा रोखपालही तत्त्वतः हेच करतो : खातेदार ओळखणे, रक्कम घेणे, नोंद करणे, पावती देणे, दिवसअखेर मेळ. म्हणून रेझ्युमेतली ओळ अशी व्हायला हवी : "नागरी पतसंस्थेत पिग्मी प्रतिनिधी, तीन वर्षे. रोज सुमारे ७० खातेदारांकडून साधारण १०,५०० रुपयांची रोख जमा, जागेवर पावती, त्याच दिवशी शाखेत भरणा व मेळ." ही ओळ इंग्रजीत उतरवतानाही इतकीच साधी ठेवा. आकडे तुमचे खरे असू द्या. पंचेचाळीस खातेदार असतील तर पंचेचाळीसच लिहा. रोजची सरासरी विचारली तर ती महिन्याच्या बेरजेशी जुळते का, हे समोरचा मनातल्या मनात तपासून पाहतो.

'मेळ घालतो' असे लिहिले की पुढचा प्रश्न ठरलेलाच : मेळ चुकला तर काय करता? इथे पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते, म्हणून एक प्रसंग पूर्ण उलगडून ठेवायला हवा. समजा, एका संध्याकाळी मशीनची बेरीज १२,१५० आली आणि हातात रोकड १०,३५०. फरक १,८०० रुपये. नवखा माणूस घाबरून खिसे चाचपतो किंवा सत्तरच्या सत्तर पावत्या पुन्हा तपासायला बसतो. मुरलेला माणूस आधी फरकाला नऊने भागून पाहतो. १,८०० भागिले ९ म्हणजे २००, बाकी शून्य. फरक नऊने नि:शेष भागला गेला तर रक्कम टाकताना एखादे शून्य जास्त पडले असावे किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय घ्यायला जागा असते. शून्य जास्त पडले असेल तर भागाकारात मूळ रक्कमच मिळते. म्हणून यादीत २,००० ची नोंद शोधायची. रोज दोनशे भरणाऱ्या एका हार्डवेअरच्या दुकानापुढे ती सापडते. अदलाबदलीचे उदाहरण घ्यायचे तर ४५० ऐवजी ५४० पडले, फरक ९०, तोही नऊने भागला जातो.

ही खूण आहे, पुरावा नाही. फरक नऊने भागला गेला तरी पैसे खरोखर हरवलेले असू शकतात, आणि दोन वेगवेगळ्या चुका एकाच दिवशी झाल्या तर ही खूण काहीच सांगत नाही. मुलाखतीत युक्ती सांगितल्यावर तिची मर्यादाही सांगितली, तर समोरच्याला कळते की याने हे हाताने केले आहे.

चूक सापडल्यानंतर काय केले, हे त्याहून महत्त्वाचे. नोंद स्वतः खोडून नवी टाकली, असे उत्तर आले तर बँकेचा माणूस सावध होतो. योग्य क्रम असा : चूक शाखेतल्या अधिकाऱ्याला दाखवायची, त्याच्या मंजुरीने चुकीची नोंद उलटवून बरोबर नोंद घालायची, व्हाउचरवर कारण लिहून सही करायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून जुनी पावती परत घेऊन नवी द्यायची. शेवटची पायरी बरेचजण विसरतात. दुकानदाराकडे २,००० ची पावती तशीच राहिली तर सहा महिन्यांनी तो तीच घेऊन शाखेत उभा राहील, आणि त्याचे काही चुकलेले नसेल. या सगळ्यातून रेझ्युमेत एकच ओळ जाते : "रोकड व मशीनच्या नोंदीतील फरक शोधून अधिकाऱ्याच्या मंजुरीने दुरुस्ती, ग्राहकाला सुधारित पावती." बाकीचे मुलाखतीसाठी तुमच्याजवळ राहू द्या.

ग्राहक हाताळणे या विषयाचेही तसेच आहे. "ग्राहक चिडला तर शांतपणे समजावतो" हे वाक्य कोणीही लिहू शकते. त्यापेक्षा एखादी तक्रार सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवा. उदाहरणार्थ, किराणा दुकानदार दुकानातल्या गिऱ्हाईकांसमोर आवाज चढवतो : "मी सलग तीन दिवस पैसे दिले, तुमच्या पासबुकात एकच दिवस दिसतो." एजंट आधी पावत्या मागतो. तीन पावत्या आहेत, म्हणजे पैसे मिळाले होते. मशीन उघडून पाहतो तर नोंदीही आहेत. मग डेटा शाखेत चढताना अडकला असणार. त्या दोन दिवसांचा रोकड भरणा शाखेच्या रजिस्टरमध्ये सापडतो, पण खात्यात रक्कम चढलेली नाही. शाखा ती जुन्या तारखेने जमा करते आणि पासबुक छापून देते.

या प्रसंगात ग्राहकाशी गोड बोलण्यापेक्षा कामाला आल्या त्या दुसऱ्या गोष्टी. कागद तपासण्याआधी ग्राहकाला खोटे ठरवले नाही. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन दिले नाही, "उद्या संध्याकाळपर्यंत शाखेतून कळवतो" एवढेच सांगितले. आणि सांगितल्या वेळी परत गेला. रेझ्युमेत लिहायचे ते असे : "खात्यात जमा न दिसणे, पासबुकातील तफावत, मुदतपूर्व पैसे काढणे यांबाबतच्या तक्रारी पावती व रजिस्टरशी पडताळून शाखेमार्फत सोडवल्या." मुलाखतीत तुम्हाला बँकेच्या जागी बसवून पुढचे विचारले जाईल : शाखेने दादच दिली नाही तर ग्राहकाने कुठे जायचे? बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे ठाऊक असू द्या. पतसंस्थेच्या खातेदाराला मात्र हा मार्ग नाही, त्याला सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते.

आता सॉफ्टवेअर. या रकान्यात सर्वाधिक खोटे लिहिले जाते, आणि पकडले जाते तेही इथेच. क्लासमध्ये कोणीतरी सांगतो की फिनॅकल लिहा, बँकेत तेच असते. खरे म्हणजे सगळीकडे तेच नसते. कोल्हापूर जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियात फिनॅकल चालते, पण स्टेट बँक आणि बँक ऑफ महाराष्ट्र टीसीएसच्या बँक्सवर काम करतात. शिवाय ही सॉफ्टवेअर घरी उतरवून शिकण्याची वस्तू नव्हे. बँकेच्या आतल्या यंत्रणेवर, स्वतःच्या नावाच्या आयडीनेच ती उघडतात. बाहेरच्या उमेदवाराने फिनॅकल येते असे लिहिले की एखादा अधिकारी सहज विचारतो, "व्यवहाराची नोंद कोणत्या मेनूत करता?" ज्याने काम केले आहे त्याच्या तोंडून `HTM` आपोआप येते आणि खात्याचा उतारा पाहायला `HACLI`. आता हे दोन कोड पाठ करून जाऊ नका. तिसरा प्रश्न स्क्रीनवर काय दिसते यावर असेल.

बँक तुम्हाला तिचे सॉफ्टवेअर प्रशिक्षणात शिकवणारच आहे. रेझ्युमेत तिला एवढेच पाहायचे असते की संगणकावर पैशाची नोंद करण्याची शिस्त तुम्हाला आहे का. ती तुम्ही जिथे शिकलात तिथले नाव द्या : पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर पिग्मीचा डेटा चढवणे, खातेउतारा काढणे, दिवसअखेरचा अहवाल छापणे. सॉफ्टवेअरचे जे नाव पडद्यावर दिसते तेच लिहा, ते कोणी ऐकलेले नसले तरी चालेल.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, असा नियम असतो. याला मेकर-चेकर म्हणतात. लहान संस्थांत मात्र व्यवस्थापकाचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो आणि गर्दीच्या वेळी एकच मुलगा दोन्ही कामे करून टाकतो. तो मुलगा मग रेझ्युमेत अभिमानाने लिहितो, "व्यवस्थापकाच्या आयडीवरून व्यवहार मंजूर करण्याचा अनुभव." त्याला वाटते की आपल्यावरचा विश्वास दिसेल. बँकेला त्यात फसवणुकीची शक्यता दिसते. ही ओळ असेल तर आजच काढा, आणि मुलाखतीत विषय निघाला तर दुसऱ्याच्या पासवर्डवर काम करणे चूक होते हे सरळ कबूल करा.

एक्सेल लिहायचे असेल तर एक्सेलवर काय करता तेही लिहा. आपला पिग्मी एजंट रोजची यादी एक्सेलमध्ये ठेवत असेल, ब स्तंभात भाग आणि ड स्तंभात रक्कम, तर राजारामपुरीची बेरीज त्याला अशी काढता यायला हवी :

```
=SUMIF(B2:B71,"Rajarampuri",D2:D71)
```

एवढे येत असेल तर "भागनिहाय व खातेदारनिहाय जमा तक्ते एक्सेलमध्ये" असे लिहायला हरकत नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण सरकारी बँकांच्या भरतीत संगणकाचे ज्ञान दाखवणारा कागद मागितला जातो. ज्यांच्याकडे कसलाच अनुभव नाही त्यांनी सरकारी बँकांच्या अप्रेंटिस भरतीवर लक्ष ठेवावे. शाखेत प्रत्यक्ष बसून काम पाहण्याचा तो सरळ मार्ग आहे.

पुढचा प्रश्न आपल्याच मुलांना पडतो. जयंती समितीचे खजिनदारपद, वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, विहारातली अभ्यासिका चालवणे हे रेझ्युमेत लिहायचे की लपवायचे? अनेकांना घरचेच सांगतात, लिहू नको. ही भीती हवेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले होते. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये तो अभ्यास छापून आला. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. फरक होता तो फक्त नावाचा.

तरीही आम्ही हे काम लिहा असेच म्हणतो, मात्र कामाच्या भाषेत. "सामाजिक कार्याची आवड" या शब्दांनी काही सांगितले जात नाही. "सार्वजनिक उत्सव समितीचा खजिनदार, दोन वर्षे. वर्गणीच्या पावत्या, रोजची जमा, बँकेत भरणा, वार्षिक हिशेब सभेसमोर सादर" ही रोखपालाच्या कामाची ओळ आहे. महाडीबीटीवर चाळीस विद्यार्थ्यांचे अर्ज भरून दिले असतील तर त्यात आधार जोडणी, बँक खात्याचा तपशील, कागदपत्रांची छाननी आणि अर्ज परत आला तर त्रुटी दूर करणे हे सगळे येते. खाते उघडण्याच्या काउंटरवर हेच काम असते. समितीच्या नावात बाबासाहेबांचे नाव असेल तर ते लिहायचे की 'उत्सव समिती' एवढेच लिहायचे, हा निर्णय प्रत्येकाने स्वतः करावा. खाजगी बँकेच्या अर्जात कोणी नाव गाळले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण प्रोबेशनरी ऑफिसरच्या मुलाखतीत पूर्ण नाव लिहा. तिथे तुमचा प्रवर्ग आधीच अर्जात असतो, आणि नाव गाळलेले दिसले तर उगाच संकोच वाटतो आहे असे दिसते.

जात आणि धर्म खाजगी बँकेच्या रेझ्युमेत लिहायची गरज नाही. वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, उंची-वजन हेही वगळा. जुन्या बायोडाटाच्या नमुन्यातून ते अजून उतरवले जाते. सरकारी बँकेचा अर्ज मात्र वेगळा आहे आणि तिथे आपल्या मुलांची एक ठरलेली चूक होते. जातीच्या रकान्यात 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिले जाते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी हिंदू, १९५६ नंतर शीख आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध यांचा समावेश झाला. म्हणजे बौद्ध असल्याने केंद्राचे आरक्षण जात नाही. पण त्या आदेशाच्या यादीत जातींची नावे आहेत आणि 'नवबौद्ध' हे त्यातले नाव नाही. म्हणून केंद्राच्या विहित नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर यादीतली मूळ जात नावाने लागते. अर्जात धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, आणि जात प्रमाणपत्रावर असेल तशीच. ज्या नावाचा आपण त्याग केला तेच पुन्हा लिहावे लागते याची खंत अनेकांना वाटते, आम्हालाही वाटते. पण अर्जातली नोंद आणि प्रमाणपत्र जुळले नाही तर कागदपत्र तपासणीत जागा हातची जाऊ शकते. सेतू केंद्रातून प्रांत कार्यालयाकडे अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' असे स्पष्ट सांगा, आणि परीक्षेची जाहिरात यायची वाट पाहू नका. ज्यांनी आडनाव बदलले आहे त्यांनी राजपत्राची प्रत काढून ठेवावी. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि अर्ज यांतली नावे अक्षरशः सारखी हवीत.

सगळे मिळून आपल्या उमेदवाराचा एक पानी कागद आता असा दिसेल. वर नाव, मोबाईल, साधा ईमेल, कोल्हापूर. त्याखाली :

अनुभव : नागरी पतसंस्थेत पिग्मी प्रतिनिधी, तीन वर्षे. रोज सुमारे ७० खातेदारांकडून साधारण १०,५०० रुपयांची रोख जमा, जागेवर पावती, त्याच दिवशी भरणा व मेळ. रोकड व नोंदीतील फरक शोधून अधिकाऱ्याच्या मंजुरीने दुरुस्ती. जमा न दिसणे व पासबुकातील तफावतीच्या तक्रारी पावती व रजिस्टरशी पडताळून शाखेमार्फत सोडवल्या.

संगणक : पतसंस्थेचे सॉफ्टवेअर (पिग्मी डेटा चढवणे, खातेउतारा, दिवसअखेर अहवाल). एक्सेलमध्ये भागनिहाय जमा तक्ते. एमएस-सीआयटी.

इतर जबाबदारी : सार्वजनिक उत्सव समितीचा खजिनदार, दोन वर्षे. महाडीबीटीवर विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्ती अर्ज.

शिक्षण : बी.कॉम., शिवाजी विद्यापीठ, वर्ष व टक्के. बारावी, दहावी. भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी.

आपल्या मुलांच्या कागदावर शेवटी एक छंदाची ओळ हमखास असते : "आंबेडकरी साहित्याचे वाचन." बँकेच्या मुलाखतीत ही ओळ फार उपयोगी आहे आणि तितकीच धोक्याची. ती दिसली की 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'वर प्रश्न आलाच समजा. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ बाबासाहेबांचा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या डी.एस्सी.चा प्रबंध होता. "यावरूनच रिझर्व्ह बँक स्थापन झाली" एवढे एक वाक्य सांगून थांबणारे उमेदवार मंडळाने बरेच पाहिलेले असतात. पुढचा प्रश्न असतो, पुस्तकात म्हणणे काय आहे? सुवर्ण विनिमय मानकाला बाबासाहेबांचा विरोध होता. त्या पद्धतीत सरकारला रुपये हवे तितके पाडता येतात, त्यामुळे रुपयाची किंमत घसरते आणि त्याची झळ गरिबाला बसते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. निदान प्रस्तावना आणि शेवटचे प्रकरण वाचून झाले असेल तर ओळ ठेवा. नसेल तर मुलाखतीला अजून वेळ आहे तोवर वाचून घ्या, नाहीतर ओळ काढून टाका.